चढावर धरलेली गाडी

एक आधीच सांगून टाकते. गिऱ्हाईक गॅरेजमध्ये ठाण मांडून बसलेलं मला चालत नाही. गाडी ठेवा, घरी जा, झाली की फोन करते. माणूस डोक्याशी बसला की हात चालत नाही आणि वर त्याचे प्रश्न सुरू होतात. हा बोल्ट कसला, तो आवाज कसला, हे काळं काय आहे. माझ्या बापाला कामापेक्षा गप्पा प्याऱ्या, म्हणून त्यानं दारात बाकडं टाकून ठेवलं होतं. बाप गेला, गॅरेज माझ्या गळ्यात पडलं, आणि बाकडं हलवायचं तेवढं राहून गेलं. त्याच बाकड्यावर ड्रायव्हरकाका येऊन बसायला लागले.

सगळा रस्ता त्यांना ड्रायव्हरकाकाच म्हणायचा. लांब पल्ल्याची बस चालवण्यात जन्म गेलेला. उंच माणूस, खांद्यात जरासा वाकलेला. उजवा हात डाव्यापेक्षा चांगलाच काळा, कारण खिडकीतलं ऊन आयुष्यभर त्याच हातावर पडलेलं. निवृत्त झाले तरी अंगातून ड्यूटी गेली नव्हती. बाकड्यावर बसायचे ते सुद्धा ताठ, अधूनमधून उजवीकडे नजर टाकत, जणू तिथं आरसाच लावलाय. मी कुणाची गाडी तपासायला चालवत नेली की त्यांचा पाय जमिनीवर दाबला जायचा. मी म्हणायचे, "काका, तुमचा ब्रेक इथवर लागत नाही हो." त्यावर हसायचे, पण पाय तसाच.

पहिल्यांदा आले ते गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात. स्कूटर ढकलत. नवीकोरी गाडी, अजून सीटचं प्लास्टिक काढलं नव्हतं.

"चढ चढत नाही," म्हणाले. "मूठ पिळतो, इंजिन बोंबलतं, गाडी जागची हलत नाही."

"सपाटीवर?"

"सपाटीवरही आता तसंच. पण मला सपाटीचं काही नाही. माझी लेक वरच्या वसाहतीत राहते, टेकडीवर. दर रविवारी जातो मी. गाडी तेवढी वर गेली पाहिजे, बाकी मला काही नको."

मी डाव्या अंगाचं झाकण उघडलं. उघडताच तो वास आला. ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्यानं समजावं की गरम तव्यावर रबरी चप्पल ठेवली तर येईल तसा काहीसा. क्लचचे शू काचेसारखे गुळगुळीत झालेले, आणि ज्या ड्रममध्ये ते फिरतात तो ड्रम तापून तापून निळा पडलेला.

"क्लच जळलाय," मी म्हटलं.

"क्लच?" काका उठून उभेच राहिले. "याला क्लच आहे? दुकानवाला तर म्हणाला, क्लच नाही, गिअर नाही, मूठ पिळा आणि निघा."

माझं पित्तच खवळतं असं काही ऐकलं की. हातात लिव्हर नाही म्हणजे आत काही नाही, असं सांगून विकतात आणि निस्तरायला आम्ही. त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे, पण मी त्यांना बसवून सगळं दाखवलं. कदाचित ते खरंच बघत होते म्हणून असेल. बाकीचे विचारतात आणि उत्तर सुरू झालं की फोनमध्ये डोकं घालतात.

"हे बघा. ही पुढची पुली, इंजिनाच्या दांड्यावर. आणि ही मागची. मध्ये हा पट्टा, म्हणजे बेल्ट. प्रत्येक पुलीचे दोन भाग, उताराच्या तोंडाचे, बशीला बशी लावावी तसे. पुढच्या पुलीची एक बशी घट्ट, दुसरी सरकते. त्या सरकणाऱ्या बशीच्या पाठीमागे हे रोलर. इंजिन जोरात फिरायला लागलं की रोलर बाहेर फेकले जातात, उतारावरून वर चढतात आणि बशीला पुढे रेटतात. फट कमी झाली की पट्टा जाईल कुठं? बाहेरच्या कडेकडे. म्हणजे पुढची पुली मोठी झाली. पट्टा काही ताणून लांब होत नाही, मग तो मागच्या पुलीत आत ओढला जातो. मागची लहान झाली. झाला की नाही टॉप गिअर?"

"आणि चढाला?"

"चढाला उलट. ओझं आलं की मागची ही जाड स्प्रिंग मागच्या बशा पुन्हा जवळ आणते, पट्टा तिथं वर येतो, पुढे खाली बसतो. आपोआप लो गिअर. तुम्ही काही करायचं नाही."

काकांनी मागची पुली हातात घेऊन फिरवून पाहिली. "मी आयुष्यभर हातानं केलं ते हे स्वतःच करतं म्हणजे. आणि क्लच?"

"क्लच इथं, मागच्या पुलीच्या तोंडावर. हे तीन शू. या बारक्या स्प्रिंगा त्यांना आत धरून ठेवतात. इंजिन नुसतं चालू असलं की पुली फिरते, शू फिरतात, पण ड्रमला शिवत नाहीत. म्हणून गाडी उभी राहते. मूठ पिळली, फिरणं वाढलं, की शू बाहेर फेकले जातात आणि ड्रमला आतून धरतात. ड्रम फिरला की चाक फिरलं. पकडताना क्षणभर घासतात, ते ठीक. पण घासतच राहिले तर हे असं होतं."

"पण मी काय केलं तर घासतच राहतील?"

"ते तुम्हाला माहीत," मी म्हटलं. "गर्दीत रांगत चालवता का?" ते म्हणाले, कधीतरी. मी नवे शू टाकले, ड्रम बदलला, आणि गाडी पळायला लागली.

त्यानंतर काका येतच राहिले. कामाशिवाय. आधी मला राग आला, मग सवय झाली, आणि सवयीपुढे माझं काही चालत नाही. सकाळी दूध घेऊन यायचे, बाकड्यावर बसायचे, दुपारी "चला, वेळ झाली" म्हणून उठायचे. कसली वेळ? घरी कुणी वाट बघत नव्हतं. एकदा त्यांची गाडी माझ्याकडे राहिली म्हणून मी त्यांना सोडायला गेले, तेव्हा खोली पाहिली. जिन्याखालची एक खोली. एक खाट, एक खुर्ची, एका खिळ्यावर खाकी शर्ट इस्त्री करून टांगलेला, जो घालायची आता गरज नव्हती. ओट्यावर एकच ताट उपडं घातलेलं. खुर्चीवर मला बसवलं आणि स्वतः खाटेच्या कडेवर बसले.  मी पाणी प्यायले आणि निघाले.  त्यांनी दार लावलं नाही, मी वळेपर्यंत उभेच होते.

पण सोमवार आला की काका वेगळे. सोमवारी तोंड भरून बोलायचे. "काल लेकीकडे गेलो होतो. काय सांगू, सोडतच नव्हती. जेवा म्हणजे जेवाच. आमचा छोटा आता चालायला लागलाय, माझ्या चपला घालून घरभर फिरतो. जावई म्हणतात, बाबा, इकडेच राहायला या. मी म्हटलं, नको बाबा, आपली खोली बरी." मी पाने हातात धरून "हं, हं" करायचे. मनात म्हणायचे, चला, म्हाताऱ्याचा एक तरी दिवस बरा जातोय. आणि खरं सांगते, त्या न पाहिलेल्या लेकीचं मला कौतुक वाटायला लागलं होतं.

पाऊस गेला, थंडी पडली आणि गाडी पुन्हा आली. तीच तक्रार, तोच वास.

आता मात्र मी हट्टाला पेटले. एवढ्यात क्लच जातोच कसा? गिअरचं तेल सीलमधून गळून शूवर येतं का पाहिलं, कोरडं ठाक. स्प्रिंगा ढिल्या आहेत का पाहिल्या, नाहीत. मागचा ब्रेक धरून राहतो का पाहिलं, चाक बोटानं फिरत होतं. पट्टा मापात. रोलरना एका बाजूनं थोडा चपटेपणा आला होता, तेवढंच. मग मी डोकं चालवलं. चढासाठी जरा हलके रोलर टाकले. हलका रोलर उशिरा फेकला जातो, म्हणजे पट्टा उशिरा सरकतो, इंजिन जास्त फिरत राहतं आणि लो गिअर जास्त वेळ टिकतो. सपाटीवर थोडी बोंब मारेल, पण चढाला ओढेल.

"आता तुमची लेक आकाशात राहायला गेली तरी गाडी पोहोचेल," मी म्हटलं.

"तेवढं बघ हं," काका म्हणाले. "तिथं पोहोचायचं म्हणजे पोहोचायचंच आहे मला." हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं की मला चिडवायचं सुचलं नाही.

आणि या उन्हाळ्यात ती गाडी तिसऱ्यांदा आली. ढकलत. घामाघूम.

झाकण उघडलं तर ड्रम निळा. मी पाना बाकावर आपटला.

"काका, हे माझ्या कामाला बट्टा आहे, कळतंय का तुम्हाला? सगळं तपासलं, सगळं बदललं. गाडीत काही दोष नाही. तुम्ही त्या चढावर नक्की करता काय?"

"काही नाही. जातो आणि येतो."

"ओझं नेता?"

"सफरचंदं असतात. छोट्यासाठी."

"सफरचंदांनी क्लच जळत नाही. आज नवे शू घालते आणि आज तुमच्या मागे बसून वर येते. मला बघायचंय."

काकांचा चेहरा पडला. "आज कशाला? आज रविवार नाही. ती कामावर असेल."

"असू दे. मला लेक नाही बघायची, चढ बघायचाय."

"आता ऊन आहे."

"काका, तुम्ही वाळवंटासारख्या रस्त्यावर बस चालवलीत आणि मला ऊन सांगता?"

 मी शू बसवले, ड्रम बसवला. पट्टा चढवताना मागच्या पुलीच्या बशा हातानं फाकवून पट्टा खोल दाबला, म्हणजे पुढे तो सैल राहतो आणि बशीत चिमटत नाही. कुणी कुणी हे करत नाही, मग नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि महिनाभरानं सुटतो. झाकण लावलं, हात पुसले, शटर ओढलं आणि त्यांच्या मागे बसले.

चालवणं काय सुरेख होतं माणसाचं. खड्डा येण्याआधी वेग कमी, वळणावर गाडी कलल्याचं कळू नये. चौकात थांबायचे ते मूठ पूर्ण सोडून, ब्रेकवर, अगदी पुस्तकात छापावं तसं. मला वाटलं, या माणसानं क्लच जाळला? शक्यच नाही. वसाहतीचा चढ लागला. अरुंद सिमेंटचा रस्ता, एका बाजूला दगडी भिंत, दुसरीकडे घरांची फाटकं. आम्ही दोघं गाडीवर असूनही गाडी न कुरकुरता चढली. माझे हलके रोलर मस्त ओढत होते. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली.

मग एक वळण आलं, अगदी उभं. वळणाच्या अलीकडे विजेचा खांब. तिथं काकांनी गाडी थांबवली.

थांबवली म्हणजे ब्रेक दाबून नाही. मूठ थोडी सोडली, गाडी मागे घसरायला लागली, मूठ पिळली, गाडी धरली. इंजिन एका सुरात घोंघावत होतं आणि चाक तसूभर हलत नव्हतं. दोन्ही पाय फूटबोर्डवर, डावं कोपर खांबाला टेकवलेलं. आत काय चाललंय ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. ड्रम जागच्या जागी उभा आणि शू त्याच्या पोटात गरगर घासतायत. मी वाट पाहिली. आत्ता निघतील, आत्ता निघतील. निघेनात. खालून वास यायला लागला. माझ्या हातानं तासाभरापूर्वी बसवलेले शू!

"काका! अहो ब्रेक दाबा! ब्रेक!"

ऐकूच येईना. ते वळणाकडे बघत होते. मी त्यांच्या खांद्याला धरून हलवलं. "ब्रेक दाबा म्हणते ना!"

त्यांनी दचकून मूठ सोडली, ब्रेक दाबला, पाय टेकले. इंजिन खाली बसलं. गल्ली एकदम शांत झाली.

"बस अशी धरली असती का तुम्ही घाटात?" मी ओरडले. "अर्ध्या क्लचवर? सांगा!"

"डेपोतून हाकलून दिलं असतं," काका म्हणाले.

"मग?"

"पहिल्यांदा माहीत नव्हतं मला. क्लचच नाही म्हणाला होता तो. नंतर तू दाखवलंस. वास काय मला येत नव्हता? चाळीस वर्षं तो वास ओळखतो मी."

"आणि तरी? वर लेकीचं घर, दोन पावलांवर, आणि तुम्ही इथं उभं राहून..." बोलता बोलता माझं मलाच काहीतरी कळायला लागलं.

"ब्रेक दाबला की मी थांबलो असं होतं," काका म्हणाले. "पाय टेकले की मग वळून जावंसं वाटतं. मूठ पिळलेली असली की वाटतं, निघालोय. आता जाईन. आता जाईन." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मी कधी वर गेलोच नाही. एकदाही नाही."

मग चपला घालून फिरणारा छोटा? सोडत नसलेली लेक? मी विचारलं नाही, पण त्यांना कळलं असणार.

"जे व्हायला हवं होतं ते सांगत होतो तुला. वाईट वाटून घेऊ नकोस." मग त्यांनी बाकीचं सांगितलं, भिंतीकडे बघत. बायको आजारी होती. लेकीनं डेपोत फोन केला, डेपोनं मधल्या स्थानकावर निरोप दिला. गाडी भरलेली होती. "बदली ड्रायव्हर मिळाला असता. मी मागितला नाही. शेवटपर्यंत गाडी नेऊन सोडली, वेळेत. घरी पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. लेक एवढंच म्हणाली, तुमची गाडी पोहोचली ना बाबा? मग झालं. त्यानंतर बोलली नाही. लग्नही कुणाकडून तरी कळलं. मूल झाल्याचंही, आणि हा पत्ताही."

माझा राग कुठं गेला कुणास ठाऊक. आणि हा माणूस वर्षभर माझ्या बाकड्यावर बसून, एकट्यानं एक अख्खं घर रचत होता, आणि मी "हं, हं" करत होते.

"थांबा इथं," मी म्हटलं. "मी बघून येते."

"काही बोलू नकोस तिला."

"नाही बोलत. घरात आहे का तेवढं बघते."

वळणापलीकडे तिसरं फाटक, त्यांनी सांगितलं होतं. पिवळी भिंत, पायऱ्यांवर कुंड्या. मी कडी वाजवली. ओले हात पुसत एक बाई आल्या. माझ्याएवढ्या. मी त्यांच्या तोंडावर काकांचं नाक शोधायला लागले, खुळ्यासारखी. मग काकांच्या लेकीचं विचारलं.

"त्या होय," बाई म्हणाल्या. "त्या गेल्या. आमच्या आधी राहायच्या इथं. गेल्या पावसाळ्यातच सोडलं त्यांनी घर. नवऱ्याची बदली झाली म्हणे, कुठं ते नाही माहीत. घरमालकाला विचारा, पण तोही परदेशी असतो मुलाकडे."

मी आभार मानले की नाही आठवत नाही.  वळणावर येऊन मी थांबले, कारण मला तिकडून काका दिसले.

त्यांनी गाडी बंद केली होती. स्टँडवर लावून मागच्या चाकाला दगडाची उटी दिली होती, घसरू नये म्हणून बसला देतात तशी. शर्ट खोचलेला. केसांवरून ओला हात फिरवलेला, बाटलीतलं पाणी घेतलं असावं. मला पाहिलं तसे चालायलाच लागले, वर, माझ्याकडे, गुडघ्यावर हात टेकत.

"बरं झालं तू ओरडलीस," म्हणाले. "थांबल्यावर काही वाटत नाही गं. उगाच घाबरत होतो. चल. काय म्हणेल ती, हाकलेलच ना? हाकलू दे."

मी फटकळ बाई आहे. कुणाला तोंडावर सांगायला मला कधी जड जात नाही. पण त्या चढावर माझी जीभ उचलेना. त्यांना माझ्यापर्यंत येऊ दिलं, म्हणजे आणखी उशीर केला, आणि मग सांगितलं. घर सोडलं. दुसरे लोक आलेत. पत्ता नाही.

"कधी?"

"गेल्या पावसाळ्यात."

काका तिथंच भिंतीला टेकले. माझ्यापेक्षा त्यांचा हिशेब लवकर झाला. "म्हणजे त्या उन्हाळ्यात होती. गाडी घेतली तेव्हा होती इथं."

"आपण शोधू, काका. घरमालकाला गाठू. बदली झालीय म्हणजे ऑफिस असेल, विचारता येईल." मी भराभर बोलत होते आणि माझं मलाच ते पोकळ वाटत होतं. "मी शोधते. खरंच शोधते."

त्यांनी मान हलवली. ते ऐकत नव्हते.

"त्या उन्हाळ्यात वरून एक बाईमाणूस पोराला हाक मारायचं," ते म्हणाले. "संध्याकाळच्या सुमाराला. खेळायला गेलेल्या पोराला बोलवतात तशी. तीच असणार. आवाज तिच्या आईसारखा होता. पोराचं नाव घेऊन बोलवायची. मी रविवारी मुद्दाम त्याच वेळेला यायचो."

"मग?"

"काही केल्या नाव कळलं नाही. मी मूठ पिळून उभा असायचो ना. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू यायची, नाव ऐकू यायचं नाही." त्यांनी हातानं तोंड पुसलं. "ब्रेक दाबला असता तर कळलं असतं, नाही का गं?"